न मागितलेला विमा

कर्ज मंजूर झालं पंचवीस लाखांचं आणि खात्यावर बोजा चढला सव्वीस लाखांचा. मधला एक लाख कुठे गेला, हे अनेक कर्जदारांना पहिलं स्टेटमेंट हातात आल्यावर कळतं, आणि काहींना वर्षानुवर्षं कळतच नाही. त्या स्टेटमेंटमध्ये वितरणाच्या तारखेलाच दोन नोंदी असतात. एक बिल्डरच्या नावाने, दुसरी एखाद्या विमा कंपनीच्या नावाने. शाखेत विचारलं तर उत्तर मिळतं, ‘अहो, ते कर्जाबरोबर असतंच. तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे. तुमची सही आहे ना फॉर्मवर.’

सही असते. गृहकर्जाच्या फाइलीत तीस-चाळीस ठिकाणी सह्या कराव्या लागतात आणि पेन्सिलने फुल्या मारून ठेवलेल्या जागी माणूस सह्या करत जातो. त्यातला एखादा कागद कर्जाचा नसून विम्याच्या सदस्यत्वाचा असतो. सही झाली म्हणजे संमती झाली का, हा या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. विमा ऐच्छिक आहे, त्याचे एवढे पैसे पडतील, एवढी वर्षं संरक्षण मिळेल आणि नको म्हटलं तरी कर्ज थांबणार नाही, हे सांगितल्यानंतर माणूस ‘हो’ म्हणाला, तरच ती संमती.

आधी एक गैरसमज दूर करू. कर्ज घेताना जीवन विमा काढलाच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा किंवा विमा नियामकाचा कोणताही नियम नाही. घराच्या इमारतीचा आग, भूकंप वगैरेंसाठीचा विमा वेगळा. घर बँकेकडे गहाण असतं, त्यामुळे तो काढण्याची अट कर्जकरारात असू शकते. मात्र ‘लोन प्रोटेक्शन’, ‘क्रेडिट लाइफ’, ‘कर्ज सुरक्षा’ अशा नावांनी विकला जाणारा कर्जदाराचा जीवन विमा ऐच्छिक असतो.

त्याची रचना समजली की पुढची तक्रार सोपी होते. ही बहुतेकदा गट विमा पॉलिसी असते. मुख्य पॉलिसीधारक असते बँक किंवा वित्त कंपनी, कर्जदार हा त्या गटातला एक सदस्य. म्हणून हाती जाडजूड पॉलिसी येत नाही, ‘सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स’ नावाचा दोन-चार पानांचा कागद येतो. प्रीमियम सगळ्या वर्षांचा एकदम, सुरुवातीलाच घेतला जातो. ती मोठी रक्कम कर्जदाराच्या खिशातून लगेच जात नाही, ती कर्जातच मिळवली जाते. कर्जदार दगावला तर विमा कंपनी उरलेलं कर्ज बँकेला फेडते आणि काही शिल्लक राहिलंच तर ते वारसाला मिळतं. विमा विकल्याबद्दल बँकेला विमा कंपनीकडून कमिशन मिळतं. शाखेतला माणूस एवढा आग्रह का धरतो, याचं कारण पुष्कळदा तिथे असतं.

आता एक नमुन्याचं उदाहरण आकड्यांनिशी पाहू. साताऱ्यातलं एक जोडपं, नवराबायको दोघंही नोकरीत, पंचवीस लाखांचं गृहकर्ज, व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं. विम्याचा एकरकमी प्रीमियम 84,746 रुपये आणि त्यावर 18 टक्क्यांनी 15,254 रुपये जीएसटी, मिळून एक लाख. हा लाख कर्जात गेला. 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी एका लाखाचा मासिक हप्ता साधारण 900 रुपये येतो. म्हणजे 22,493 ऐवजी 23,393 रुपयांचा हप्ता. महिन्याला नऊशे रुपये जास्त, म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण 240 महिन्यांत त्या एका लाखापोटी जवळपास दोन लाख सोळा हजार रुपये जातात.

प्रमाणपत्र नीट वाचलं तर आणखी काही गोष्टी दिसतात. विम्याची मुदत दहाच वर्षं आहे. कर्ज वीस वर्षांचं. शेवटची दहा वर्षं संरक्षण काहीच नाही, प्रीमियमवरचं व्याज मात्र चालूच. विमा फक्त नवऱ्याचा आहे, हप्त्यातला निम्मा वाटा उचलणाऱ्या बायकोचा नाही. विम्याची रक्कम दर वर्षी ठरलेल्या तक्त्याप्रमाणे कमी होत जाते. व्याजदर वाढून कर्जाची मुदत लांबली, तरी तो तक्ता बदलत नाही.

सगळ्यांत गंभीर गोष्ट आरोग्याच्या रकान्यात असते. नवरा चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेतो. फॉर्मवर ‘उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का?’ या प्रश्नांपुढे सरसकट ‘नाही’ छापलेलं आहे. हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या माहितीच्या मुद्द्यावर विमा कंपनी पॉलिसीला आव्हान देऊ शकते. म्हणजे दुसऱ्या वर्षी त्याचं काही बरंवाईट झालं, तर लाखभर रुपये घेतलेला हा विमा नेमका तेव्हाच वादात सापडणार. संमतीशिवाय विकलेल्या विम्याने पैसे तर जातातच. कुटुंब संरक्षित आहे, ही खोटी खात्री त्याहून जास्त नुकसान करते.

अशी विक्री ओळखायला आता एक चांगलं साधन आहे. रिझर्व्ह बँकेने 15 एप्रिल 2024 रोजी काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणं सक्तीचं आहे. कर्जदाराला समजेल अशा भाषेत ते असलं पाहिजे, म्हणजे मराठी माणसाला ते मराठीत मागता येतं. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जात ते दिल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळाले पाहिजेत. विमा, कायदेशीर तपासणी अशा तिसऱ्या पक्षाच्या नावाने घेतलेली रक्कमही त्यात स्वतंत्र दाखवावी लागते आणि ती वार्षिक टक्केवारी दरात, म्हणजे ‘एपीआर’मध्ये धरावी लागते. आपल्या उदाहरणात व्याज 9 टक्के असलं तरी विमा धरून हा दर सुमारे 9.55 टक्के होतो. इतर शुल्कं फारशी नसताना दोन दरांत एवढं अंतर दिसलं, की बहुधा मधे विमा आहे. आणि जे शुल्क या पत्रकात नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या संपूर्ण मुदतीत कधीही लावता येत नाही. तक्रार लिहिताना हे वाक्य पाठ असावं.

खेड्यापाड्यांत बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्स कंपनीकडून कर्ज घेणाऱ्या बायकांसाठीही नियम आहे, आणि तो फार कमी जणींना ठाऊक असतो. 2022 च्या सूक्ष्म कर्जांच्या नियमांप्रमाणे विम्यासारखी कर्जाव्यतिरिक्तची कोणतीही गोष्ट कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच द्यायची आणि तिचं शुल्क लोन कार्डावरच स्पष्ट लिहायचं. तीस हजारांच्या कर्जातले हजार-बाराशे कापून हातात रक्कम पडली, तर कार्डावर त्याची नोंद आहे का, हे पाहायचं.

मोबाइलवरून कर्ज घेताना कागदच नसतो. तिथे संमती म्हणजे आधीच टिक केलेला चौकोन, नाहीतर ओटीपी. ‘लोनचा ओटीपी आलाय, सांगा’ असं म्हणून जो आकडा घेतला जातो, त्या एसएमएसमध्ये पुष्कळदा विमा कंपनीचं नाव लिहिलेलं असतं. तो एसएमएस पुसू नका. ग्राहकाने न निवडलेली वस्तू खरेदीच्या शेवटी हळूच जोडणं, हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांचा एक प्रकार म्हणून नोंदलेला आहे.

विमा नको असेल तर सर्वांत मोलाचे असतात पहिले तीस दिवस. विमा नियामकाच्या 2024 च्या नियमांनुसार जीवन विम्याचा दस्तऐवज मिळाल्यापासून 30 दिवसांत तो परत करता येतो. याला ‘फ्री लूक’ म्हणतात. या काळात फसवणूक झाली हे सिद्ध करायची गरज नसते, अटी पसंत नाहीत एवढं पुरतं. कंपनी झालेल्या दिवसांपुरता जोखमीचा भाग, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी प्रीमियम परत करते. महिनाभराच्या आतल्या जोखमीचा भाग लहान असतो, म्हणून जवळजवळ सगळे पैसे परत यायला हवेत.

मुदत मोजली जाते ती कागद हातात पडल्यापासून. कर्ज मिळाल्याच्या तारखेशी तिचा संबंध नाही. सर्टिफिकेट मिळालंच नसेल, किंवा चुकीच्या ईमेलवर गेलं असेल, तर मुदत सुरू झाली असं कंपनीला सहज म्हणता येत नाही. म्हणून पहिल्या पत्रातच विचारायचं, की दस्तऐवज कधी, कोणत्या मार्गाने दिला आणि पोच कुठे आहे. अनेक तक्रारी या एका प्रश्नावर उभ्या राहतात, कारण पोच दाखवता येत नाही.

पत्र एकच लिहावं आणि विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला व बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला एकाच दिवशी पाठवावं. नाहीतर बँक म्हणते कंपनीकडे जा, कंपनी म्हणते बँकेकडे जा, आणि या फेऱ्यांत तीस दिवस निघून जातात. शाखेत तोंडी सांगून येणं पुरेसं नाही. ईमेल करा किंवा पोचपावतीसह पत्र द्या. मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ:

‘माझ्या गृहकर्ज खात्यात अमुक तारखेला विमा प्रीमियम म्हणून 1,00,000 रुपये नावे टाकण्यात आले आहेत. हा विमा ऐच्छिक आहे हे मला सांगण्यात आले नाही. प्रीमियम, मुदत आणि संरक्षणाची रक्कम मला समजावण्यात आली नाही. आरोग्यविषयक प्रश्न मला विचारण्यात आले नाहीत. विम्याचे सर्टिफिकेट मला अमुक तारखेला मिळाले. मला हा विमा नको आहे. तो रद्द करून संपूर्ण रक्कम माझ्या कर्जखात्यात मुद्दलापोटी जमा करावी, वितरणाच्या तारखेपासून त्यावर आकारलेले व्याज परत करावे आणि हप्त्याचा सुधारित तक्ता द्यावा. माझ्या सहीचा सदस्यत्व फॉर्म, आरोग्य घोषणापत्र, ओटीपी संमतीची नोंद, पडताळणी कॉलचे ध्वनिमुद्रण आणि प्रीमियमची पावती यांच्या प्रती द्याव्यात.’

यात दोन गोष्टी मुद्दाम घातल्या आहेत. पहिली, परतावा मुद्दलापोटी आणि व्याजासह. पुष्कळ वेळा कंपनी पैसे बँकेला परत करते, बँक ते कर्जखात्यात टाकते, पण हप्ता तोच राहतो आणि मधल्या महिन्यांच्या व्याजाबद्दल कोणी बोलत नाही. सुधारित तक्ता हाती येईपर्यंत प्रकरण मिटलं असं समजू नका. दुसरी गोष्ट, ध्वनिमुद्रण. विमा देण्याआधी कंपनीकडून पडताळणीचा फोन येतो. ‘फक्त हो हो म्हणा, नाहीतर फाइल अडकेल’ असं शिकवलेलं असतं. पण त्या संभाषणात विमा ऐच्छिक असल्याचं, प्रीमियमचं आणि मुदतीचं सांगितलं गेलं का, हे ऐकल्यावर कळतं. चाळीस सेकंदांत पाच प्रश्न घाईने उरकलेले असतील, तर तेच ध्वनिमुद्रण तुमच्या बाजूने बोलतं.

वितरणाच्या आधी शाखेशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश असतील तर तेही जोडा. ‘इन्शुरन्सशिवाय रेट मिळणार नाही’ किंवा ‘हे कंपल्सरी आहे’ असं लेखी वाक्य सापडलं, तर तक्रारीची बाजू एकदम भक्कम होते. ज्यांची फाइल अजून चालू आहे, त्यांनी हा प्रश्न ईमेलने विचारावा: हा विमा सक्तीचा आहे का? ‘हो’ असं लेखी उत्तर सहसा कोणी देत नाही.

तीस दिवस उलटून गेले असतील तर वाट लांबची आहे, बंद नाही. आता ‘पसंत नाही’ म्हणून चालत नाही. चुकीच्या पद्धतीने विकल्याचं दाखवावं लागतं. इथे कंपनी सहसा सरेंडर व्हॅल्यू देऊ करते. ती उरलेल्या मुदतीवरून आणि कमी होत जाणाऱ्या संरक्षणावरून काढलेली असते आणि भरलेल्या प्रीमियमपेक्षा बरीच कमी भरते. सरेंडरच्या फॉर्मवर ‘पूर्ण आणि अंतिम समाधान’ अशा अर्थाची ओळ असते. मूळ रकमेसाठी भांडायचं असेल, तर ती वाचल्याशिवाय सही करू नका. कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं, तरी उरलेल्या काळाचं मूल्य परत मागता येतं. बँक आपणहून ते आठवून देईलच असं नाही.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढची पायरी दारांची आहे, आणि कोणतं दार कोणाचं हे कळणं महत्त्वाचं. विमा कंपनीविरुद्ध नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर (bimabharosa.irdai.gov.in) तक्रार नोंदवता येते, 155255 या क्रमांकावरही बोलता येतं. निवाडा हवा असेल तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार तिथे होते, फी लागत नाही, वकील लागत नाही आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. परवानगीशिवाय रक्कम कर्जात चढवणं, की फॅक्ट्स स्टेटमेंट न देणं, विम्याशिवाय कर्ज नाही म्हणणं, ही बँकेची वागणूक. तिच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जायचं.

इथे बरेच लोक चुकतात. कर्ज गृहवित्त कंपनीचं असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल ते प्रकरण घेत नाही, राष्ट्रीय आवास बँकेच्या तक्रार यंत्रणेकडे जावं लागतं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर सहकार निबंधक. मंजुरीपत्राच्या वर कर्ज देणाऱ्या संस्थेचं पूर्ण नाव छापलेलं असतं, ते बघून दार ठरवा. बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं नाव असलेली गृहवित्त कंपनी ही कायद्याने वेगळी संस्था असते.

जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग यांपासून स्वतंत्र आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत, आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. नुकसानभरपाई आणि मनस्तापाची मागणी तिथे करता येते, पण वेळ लागतो. तेच प्रकरण आयोगापुढे किंवा न्यायालयात चालू असताना लोकपाल ते ऐकत नाही. म्हणून माझ्या मते आधी लोकपाल, तिथे समाधान झालं नाही तर आयोग, दोन वर्षांच्या मुदतीवर डोळा ठेवून.

अशा तक्रारी एकेकट्याने केल्या तरी त्यांचं पुढे काय होऊ शकतं, हे ब्रिटनमध्ये दिसलं. तिथे कर्जाबरोबर ‘पीपीआय’ नावाचा विमा लाखो लोकांना असाच चिकटवला गेला होता. तक्रारी साचत गेल्या, 2011 मध्ये बँका न्यायालयात हरल्या, आणि 29 ऑगस्ट 2019 ही तक्रारीची शेवटची तारीख येईपर्यंत आणि त्यानंतर मिळून त्यांना ग्राहकांना 38 अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका विधवा शिक्षिकेच्या प्रकरणात आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिच्या प्रीमियमपैकी जवळपास 72 टक्के कमिशनमध्ये गेले होते आणि हे तिला सांगितलं नव्हतं, एवढ्यावरूनच तो व्यवहार अन्याय्य ठरला. आपल्याकडे प्रत्येक कर्जदाराने पत्रात कमिशनचा आकडाही मागायला हवा. उत्तर मिळेलच असं नाही, पण मागणी नोंदली जाते.

विमा रद्द करण्याआधी मात्र घरात बसून एक विचार करा. कर्ज असलेल्या कुटुंबाला संरक्षणाची गरज खरोखरच असते. कमावता माणूस गेला आणि हप्ते उरले, तर घर विकायची वेळ येते, हे आपण आजूबाजूला पाहतो. तक्रार विम्याविरुद्ध नाही, न विचारता विकण्याविरुद्ध आहे. वेगळी टर्म पॉलिसी आधी घ्या, स्वतः फॉर्म भरा, गोळ्या आणि आजार खरे लिहा, ती चालू झाल्याचा कागद हाती येऊ द्या. फ्री लूकचे दिवस संपत असतील तर दोन्ही कामं एकाच आठवड्यात करा. वय किंवा आजारामुळे दुसरा विमा मिळत नसेल आणि कर्जाबरोबरच्या फॉर्मवर आजार खरा लिहिलेला असेल, तर तो विमा ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं. मग भांडण फक्त किमतीचं आणि मुदतीचं.

तुमच्या कर्जखात्याचं वितरणापासूनचं स्टेटमेंट आणि की फॅक्ट्स स्टेटमेंट या आठवड्यात मागवा. विमा कंपनीच्या नावाने नोंद दिसली आणि सर्टिफिकेट हातात पडून अजून तीस दिवस झाले नसतील, तर रद्द करण्याचं पत्र आजच पाठवा.